एक क्विंटल गहू, चार बिलं आणि देशाचं उत्पादन

मार्चअखेर आली की माझ्या सकाळी नाना पेठेतल्या एका बेकरीत जातात. लहान धंद्यांचे हिशेब लिहून देणं हे माझं काम. ही बेकरी माझ्याकडे गेली अकरा वर्षं आहे. मी पोचते तेव्हा पहाटेची भट्टी निघालेली असते. लोखंडी पट्ट्यांच्या रॅकवर ब्रेड गार होत असतो, कारण गरम ब्रेड कापला की सुरीला चिकटतो आणि पिशवीत भरला की आतून घाम सुटतो. बेकरीवाले काका गल्ल्यापाशी बसून बिलांच्या फायली पुढे सरकवतात आणि आमचं काम सुरू होतं.

यंदा त्यांनी फाइल द्यायच्या आधी प्रश्न विचारला. "ताई, पेपरात येतं ना, देशाचं उत्पादन इतके लाख कोटी. त्यात आपलं किती धरतात? आपली उलाढाल सव्वा कोटी. म्हणजे सव्वा कोटी ना?"

मी नाही म्हटलं आणि त्यांचा चेहरा पडला. सव्वा कोटीचा माल त्यांच्याच भट्टीतून निघाला होता, मग तो का धरायचा नाही? त्या दिवशी बिलांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही जो हिशेब मांडला, तोच इथे देते. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत, पण धंद्यातल्या प्रमाणाला धरून आहेत. आडत, हमाली, तोलाई हे मधले खर्च सोडून दिले आहेत, नाहीतर साखळी लांबत जाते.

एक क्विंटल गव्हापासून सुरुवात करू. शेतकऱ्याने तो अडीच हजार रुपयांना मैद्याच्या मिलला विकला. मिलमध्ये १०० किलो गव्हातून ७२ किलोच्या आसपास मैदा निघतो, २६ किलो कोंडा निघतो आणि थोडी घट जाते. मिलने मैदा २,६०० रुपयांना काकांना विकला आणि कोंडा ६०० रुपयांना गोठेवाल्याला. मिलची एकूण विक्री झाली ३,२०० रुपये. काकांनी त्या ७२ किलो मैद्यात पाणी, यीस्ट, साखर, मीठ, तेल घालून ४०० ग्रॅमचे २६० ब्रेड काढले. मैद्यापेक्षा ब्रेडचं वजन जास्त भरतं, कारण कणकेत पाणी मुरतं आणि भाजून ते सगळं उडत नाही. ब्रेड ३४ रुपयांनी दुकानदाराला गेला, म्हणजे विक्री ८,८४० रुपये. दुकानदाराने तो ४० रुपयांनी विकला, त्याचे झाले १०,४०० रुपये.

चौघांची बिलं सरळ एकाखाली एक मांडून बेरीज केली तर २४,९४० रुपये येतात. पण या सगळ्या खटाटोपातून लोकांच्या हाती काय पडलं? १०,४०० रुपयांचा ब्रेड आणि ६०० रुपयांचा कोंडा. म्हणजे ११,००० रुपयांचा माल. उरलेले जवळजवळ चौदा हजार कुठेच नाहीत. ते केवळ कागदावर आहेत, कारण तोच गहू मिलच्या बिलात पिठाच्या रूपाने परत मोजला, काकांच्या बिलात ब्रेडच्या रूपाने पुन्हा मोजला आणि दुकानदाराच्या बिलात चौथ्यांदा मोजला. याला दुहेरी गणना म्हणतात. नाव दुहेरी असलं तरी इथे गहू चौपट मोजला गेला आहे.

यावरचा उपाय म्हणजे मूल्यवर्धित पद्धत. प्रत्येकाने आपल्या विक्रीतून दुसऱ्याकडून घेऊन वापरलेल्या मालाची किंमत वजा करायची. जे उरतं ते त्याने स्वतः घातलेलं मूल्य. आधी फक्त गहू आणि मैदा एवढंच वजा करून पाहू.

| कोण | विक्री | घेतलेला माल | मूल्यवर्धन |
|---|---|---|---|
| शेतकरी | २,५०० | ० | २,५०० |
| मैद्याची मिल | ३,२०० | २,५०० | ७०० |
| बेकरी | ८,८४० | २,६०० | ६,२४० |
| दुकानदार | १०,४०० | ८,८४० | १,५६० |
| बेरीज | २४,९४० | १३,९४० | ११,००० |

काकांनी बेरीज दोनदा तपासली. मग म्हणाले, "ब्रेड तर १०,४०० चाच विकला, मग इथे ११,००० कसे?" प्रश्न अगदी योग्य होता. पुस्तकातल्या उदाहरणात मूल्यवर्धनाची बेरीज शेवटच्या ब्रेडच्या किमतीला तंतोतंत जुळते, कारण तिथल्या गव्हातून कोंडा निघतच नाही. खऱ्या मिलमध्ये निघतो. आपले ६०० रुपये त्या कोंड्याचे आहेत. तो गोठ्यात गेला, म्हशींनी खाल्ला आणि पुढे दुधाच्या किमतीत मिसळला. गोठेवाला आपला हिशेब करताना ते ६०० वजा करेल. बेरीज ब्रेडशी जुळली नाही की घाबरून आकडे ओढूनताणून बसवू नयेत. आधी जोडमाल कुठे गेला ते शोधावं.

आता खरी मेख. मूल्यवर्धनाचा हिशेब बरोबर जमला की नाही, हे ताडून पाहायची एक सोपी चाचणी आहे. समजा उद्या काकांनी ती मैद्याची मिल विकत घेतली. मिल तीच, भट्टी तीच, माणसं तीच, ब्रेड तेवढेच २६०. फरक एवढाच की आता मैद्याचं बिल फाटत नाही, पोती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात. विक्रीची बेरीज आता किती? शेतकरी २,५००, मिल आणि बेकरी मिळून ब्रेडचे ८,८४० आणि कोंड्याचे ६०० असे ९,४४०, दुकानदार १०,४००. एकूण २२,३४०. एका रात्रीत २,६०० रुपयांचं उत्पादन नाहीसं झालं, आणि देशात एक पावसुद्धा कमी भाजला गेला नाही.

मूल्यवर्धनाचं काय होतं? एकत्र झालेल्या धंद्याची विक्री ९,४४०, त्यातून गव्हाचे २,५०० वजा, उरले ६,९४०. आधी मिलचे ७०० आणि बेकरीचे ६,२४० होते, ते मिळूनही ६,९४० च. एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. विक्रीची बेरीज माल किती हातांतून गेला यावर फुगते किंवा आटते. मूल्यवर्धन धंद्याच्या पाट्या बदलल्या म्हणून हलत नाही. ज्या आकड्याने देश मोजायचा तो असाच असायला हवा.

आपल्या पुण्यात याची उदाहरणं पावलोपावली आहेत. भोसरी, चाकणच्या लहान शेडमध्ये जॉबवर्क चालतं. मोठा कारखाना आपलं लोखंड पाठवतो, शेडवाला त्याला भोकं पाडून किंवा कातून परत देतो आणि फक्त मजुरीचं बिल लावतो. तोच शेडवाला उद्या स्वतः लोखंड विकत घेऊन तयार भाग विकू लागला, तर त्याची उलाढाल कितीतरी पट दिसेल. त्याच्या मशीनने केलेलं काम मात्र तेवढंच राहील. गल्लीतली पिठाची गिरणीही तशीच. आपण डबा घेऊन जातो तेव्हा गहू आपला असतो, गिरणीवाला फक्त दळणाचे पैसे घेतो. म्हणून त्याचं उत्पादन म्हणजे दळणावळ, पीठ नव्हे. दहा किलो लोकवन दळून त्याने ७० रुपये घेतले तर ७० रुपयांतून विजेचा आणि जात्याचे दगड टाचण्याचा खर्च वजा करायचा. गव्हाशी त्याचा संबंध नाही. मैद्याची मिल मात्र गहू स्वतः विकत घेते, म्हणून तिथे पिठाची पूर्ण किंमत धरून गहू वजा करावा लागतो.

इथपर्यंत काकांना पटलं. मग आम्ही उरलेली बिलं काढली. मैदा एकटाच थोडा लागतो? भट्टीला डिझेल, मिक्सरला वीज, साखर, यीस्ट, तेल, छापील पिशव्या, टेम्पोचं भाडं, गाळ्याचं भाडं. हे सगळं दुसऱ्या कुणीतरी तयार केलेलं आहे आणि त्यांच्या हिशेबात ते येणारच आहे. म्हणून तेही वजा व्हायला हवं. २६० ब्रेडमागे हे ३,००० रुपये धरले तर काकांचं मूल्यवर्धन ६,२४० वरून ३,२४० वर येतं. शेतकऱ्याचं बियाणं, खत, औषध, पंपाची वीज असे ९०० रुपये वजा केले की त्याचे उरतात १,६००. मिलची वीज आणि बारदान २५०, उरले ४५०. दुकानदाराची वीज, पिशव्या वगैरे १६०, उरले १,४००. चौघांची बेरीज आता ६,६९० होते.

मग ११,००० मधले ४,३१० कुठे गेले? ते हरवले नाहीत. वीज कंपनीच्या, साखर कारखान्याच्या, पिशव्या छापणाऱ्याच्या, टेम्पोवाल्याच्या, गाळामालकाच्या मूल्यवर्धनात ते विखुरले आहेत, आणि तिथेच ते मोजले जातात. यातला एक भाग मात्र आपल्या देशात कुणाच्याच खात्यात सापडणार नाही. गव्हाला घातलेल्या खतातलं पालाश जवळजवळ सगळं परदेशातून येतं. ब्रेडच्या ४० रुपयांत त्या पालाशाचे काही पैसे आहेत, पण ते भारताचं उत्पादन नाही. मूल्यवर्धित पद्धतीत शेतकरी खताची पूर्ण किंमत वजा करतो आणि तो भाग आपोआप गळून पडतो. लोकांनी केलेल्या खर्चावरून उत्पादन मोजायचं झालं तर हीच आयात शोधून मुद्दाम वजा करावी लागते.

यानंतर काकांनी जे केलं ते माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक धंदेवाला करतो. त्यांनी खर्चाच्या यादीत पुढचं नाव वाचलं, "कामगारांचा पगार", आणि तोही वजा करायला लागले. तो खर्चच आहे ना? मालकाच्या वहीत आहे. देशाच्या वहीत तो खर्च नाही, ती मिळकत आहे.

साखर आणि पगार या दोन्हींचे पैसे काकांच्याच गल्ल्यातून जातात. पण साखर ही दुसऱ्या धंद्याची विक्री आहे. तिचं मूल्य कारखान्यात तयार झालं आणि तिथे मोजलं गेलं. कणीक मळणाऱ्या माणसाचे कष्ट दुसऱ्या कुठल्याही धंद्याच्या विक्रीत मोजलेले नाहीत. ते याच बेकरीत, याच ब्रेडमध्ये उतरले. इथे वजा केले तर ते देशाच्या हिशेबातून कायमचे जातील. म्हणून विचारायचं एवढंच: ही गोष्ट दुसऱ्या धंद्याने तयार करून आपल्याला विकली, आणि आपण ती याच वर्षात वापरून संपवली का? दोन्हींचं उत्तर हो असेल तरच वजा करायची.

या प्रश्नाने बरंच काही सुटतं. कर्जाचं व्याज ढोबळ हिशेबात वजा होत नाही. ते काकांनी तयार केलेल्या मूल्यातला बँकेचा वाटा आहे. गाळ्याचं भाडं वजा होतं, कारण बांधलेली जागा वापरायला देणं हे गाळामालकाचं उत्पादन आहे. नवी भट्टी वजा होत नाही, कारण ती विकत घेतली असली तरी एका वर्षात संपत नाही. तिची दरवर्षीची झीज म्हणजे घसारा. तो न वजा करता येणारा आकडा स्थूल आणि वजा केल्यावरचा निव्वळ. जीडीपीला आपण स्थूल देशांतर्गत उत्पादन म्हणतो, त्यातला स्थूल हा शब्द इथून येतो.

काकांचे ३,२४० रुपये आम्ही असे फोडले: कामगारांची मजुरी १,५००, बँकेचं व्याज २४०, भट्टी आणि मिक्सरचा घसारा ३००, आणि काकांकडे उरले १,२००. मूल्यवर्धन म्हणजे नफा, असा एक मोठा गैरसमज आहे. नफा हा त्यातला एक वाटा. एखाद्या वर्षी काकांना नफा शून्य झाला तरी आठ माणसांची मजुरी निघाली असेल तर बेकरीने देशाच्या उत्पादनात भर घातलीच आहे. आणि याच फोडीमुळे राष्ट्रीय उत्पन्न दुसऱ्या बाजूनेही मोजता येतं. सगळ्यांच्या मजुऱ्या, व्याजं, नफे अशी मिळकतीची बेरीज करून त्यात घसारा मिळवला तरी आकडा तोच यायला हवा.

ही दोन्ही टोकं धरून भारताचा पहिला अधिकृत हिशेब झाला, त्यात पुण्याचा हात आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस अध्यक्ष आणि अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव व आपले धनंजयराव गाडगीळ सदस्य. गाडगीळ म्हणजे डेक्कनवरच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे, १९३० साली ती सुरू झाली तेव्हापासूनचे प्रमुख. या समितीने शेतीसारख्या क्षेत्रात उत्पादनातून खर्च वजा करण्याची पद्धत वापरली आणि जिथे तसा हिशेब मिळणं अवघड होतं तिथे मिळकती मोजल्या. वह्या न ठेवणाऱ्या लाखो लहान धंद्यांच्या देशात हे काम किती कष्टाचं असेल, हे मला माझ्या फायलींवरून थोडंफार कळतं.

कुणी म्हणेल, इतकी वजाबाकी कशाला? शेवटी ग्राहकाच्या हाती पडणारा माल तेवढा मोजा, मधलं सगळं सोडून द्या. तत्त्वाने ते बरोबर आहे आणि त्याला अंतिम वस्तू पद्धत म्हणतात. अडचण वेगळीच आहे. काकांच्या बेकरीतला ब्रेड अंतिम वस्तू आहे की मधला माल?

पुण्यात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड द्यायची जुनी रीत आहे. सकाळी सातला काकांचे साठ ब्रेड एका मिसळवाल्याकडे जातात. तिथे ते प्लेटमध्ये पडतात आणि त्यांची किंमत मिसळीच्या किमतीत जाते. शेजारच्या दुकानातून तोच ब्रेड एखादी आजी चहाबरोबर खायला नेते, तेव्हा तो अंतिम असतो. पिशवी तीच, भट्टी तीच, घाण्यातला घाणा तोच. वस्तूच्या अंगावर ती अंतिम आहे की मधली हे लिहिलेलं नसतं, ते घेणारा तिचं काय करतो त्यावर ठरतं. अंतिम वस्तू मोजायच्या तर प्रत्येक ब्रेडच्या मागे जाऊन तो कुठे खाल्ला गेला हे कळायला हवं. ते साठ ब्रेड अंतिम समजून मोजले आणि मिसळही मोजली, की दुहेरी गणना झालीच.

मूल्यवर्धित पद्धतीत काकांना आपला ब्रेड कुठे गेला हे माहीत असण्याची गरजच नाही. त्यांनी फक्त स्वतःची विक्री आणि स्वतःची खरेदी सांगायची. मिसळवाला आपल्या हिशेबात ब्रेड, फरसाण, मटकी वजा करेल. प्रत्येकाने आपल्या उंबरठ्याच्या आतलं सांगितलं की पुरे. मला या पद्धतीचं सर्वांत मोठं बळ हेच वाटतं. जीएसटी भरणाऱ्यांना ही रचना ओळखीची वाटेल. विक्रीवरच्या करातून खरेदीवर भरलेला कर वजा करून उरलेला भरायचा, म्हणजे कर प्रत्येकाच्या मूल्यवर्धनावरच बसतो.

घराच्या उंबरठ्यावर मात्र ही पद्धत थांबते. आपण दळून आणलेल्या पिठाच्या पोळ्या घरी लाटल्या, तर लाटण्याच्या कष्टाचं मूल्य देशाच्या उत्पादनात धरलं जात नाही. तशाच पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणल्या की त्या धरल्या जातात. शेतकऱ्याने घरी खायला ठेवलेला गहू मात्र विकला नसला तरी मोजला जातो. म्हणजे घरात पिकवलेला माल आत आणि घरात रांधण्याची सेवा बाहेर, अशी ही रेघ आहे. घरकामाची किंमत लावणं अवघड, हे कारण मला समजतं. पण आईच्या हातच्या पोळ्या या हिशेबात शून्य, हे मुलांना शिकवताना त्यांना स्पष्ट सांगायला हवं. नाहीतर त्यांना वाटतं की जे मोजलं नाही ते झालंच नाही.

अजून एक खड्डा आहे, तो भावाचा. समजा पुढच्या वर्षी गहू स्वस्त झाला आणि काकांना तेवढाच मैदा २,६०० ऐवजी २,१०० ला मिळाला. ब्रेडचा भाव तोच राहिला आणि बाकीचे खर्च बाजूला ठेवले, तर मूल्यवर्धन ६,२४० वरून ६,७४० वर जातं. आठ टक्के वाढ! ब्रेड तेच २६०, त्याच माणसांनी भाजलेले. वाढ उत्पादनाची नाही, भावातल्या फरकाची आहे. खरी वाढ काढायची तर विक्री जुन्या ब्रेडच्या भावाने आणि मैदा जुन्या मैद्याच्या भावाने, असं दोन्ही बाजू वेगवेगळ्या जुन्या भावात आणून मग वजाबाकी करावी लागते. तसं केलं की उत्तर पुन्हा ६,२४० येतं, वाढ शून्य. दोन्ही बाजूंना एकच भावनिर्देशांक, म्हणजे भाव किती बदलले ते सांगणारा आकडा, लावला तर ही चूक आत शिरते. २०११-१२ हे आधारवर्ष असलेल्या जीडीपीच्या मालिकेत आपल्याकडे कारखानदारीसाठी बहुतेक ठिकाणी एकच निर्देशांक वापरला जात होता आणि त्यावर अर्थतज्ज्ञांनी सातत्याने बोट ठेवलं. कच्चा माल अचानक स्वस्त झालेल्या वर्षी कारखान्यांचं मूल्यवर्धन झपाट्याने वाढलेलं दिसलं, की ही शंका आधी घ्यावी.

दुपार होत आली तेव्हा काकांना मी त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. ८,८४० च्या विक्रीमागे ३,२४० म्हणजे शंभराला साधारण साडेछत्तीस. सगळा माल ब्रेडच धरला तर सव्वा कोटींतून सुमारे ४६ लाख हे त्यांच्या बेकरीचं. "म्हणजे बाकीचे एकोणऐंशी लाख शेतकऱ्याचे, मिलवाल्याचे, वीजवाल्याचे," ते म्हणाले आणि मी हो म्हटलं. ४६ लाखांवर ते खूश होते. मुलाला हाक मारून त्यांनी तो आकडा सांगितला, आणि त्यातले वीस-एकवीस लाख कामगारांचे, हेही सांगितलं.

मग आम्ही गोदामात गेलो, कारण या सगळ्याचा पाया तिथेच आहे. वजा करायचा तो वर्षात विकत घेतलेला मैदा नव्हे, वर्षात वापरलेला मैदा. आपल्याकडे गहू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघायला लागतो आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. भाव बरा म्हणून कुणी महिनाअखेरीस दोनशे पोती भरून ठेवली आणि ती सगळी याच वर्षाच्या खरेदीत वजा केली, तर त्याचं मूल्यवर्धन खोटंच घसरलेलं दिसेल आणि पुढच्या वर्षी तितकंच खोटं उसळी घेईल. शिल्लक माल पुढच्या वर्षाचा आहे. आणि गोदामात पडून असताना त्याचा भाव चढला, तर तो चढलेला भावही उत्पादनात धरायचा नाही, कारण कुणी काही तयार केलेलं नाही.

काकांची गेल्या वर्षीची शिल्लक होती ४० पोती. वर्षात घेतली २,०४०. आता किती उरली ते मोजायचं होतं. मुलगा पोत्यांच्या थप्पीवर चढून मोजत होता, काका भिंतीवर खडूने पाच-पाचच्या रेघा ओढत होते. पंचेचाळीस पूर्ण पोती निघाली आणि कोपऱ्यात एक उघडं पोतं, तोंड दुमडून ठेवलेलं. मुलगा म्हणाला, ते धरू नका. काकांनी ते काट्यावर ठेवायला लावलं. बरोबर पंचवीस किलो भरलं, म्हणजे अर्धं पोतं. त्यांनी भिंतीवर लिहिलं ४५॥ आणि मी वहीत वापर लिहिला, २,०३४॥ पोती.